ओपीडी रजिस्टर आणि रोगवार अहवाल: बेरीज जुळत नाही तेव्हा फरक कुठे शोधायचा

दर महिन्याच्या सुरुवातीला आमच्या केंद्रात तोच प्रसंग यायचा. ओपीडी रजिस्टरच्या शेवटच्या ओळीवर महिन्याचा एक क्रमांक असतो आणि रोगवार टॅलीची बेरीज वेगळीच येते. कधी टॅली जास्त, कधी कमी. तालुक्याला अहवाल द्यायची घाई असते, म्हणून 'इतर आजार' या रकान्यातून फरक वजा करायचा किंवा त्यात टाकायचा आणि कागद पुढे पाठवायचा. मीही हे कितीतरी महिने केलं आहे. बेरीज जुळते, पण चूक होती तिथेच राहते. आणि ती चूक नेमकी कुठल्या आजाराच्या आकड्यात बसली आहे, हे मग कोणालाच कळत नाही.

मी सुरगाणा-पेठ पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. ऑगस्ट २०२४ चा अहवाल करताना आम्ही पहिल्यांदा फरक 'इतर' मध्ये न घालता पूर्ण शोधला. त्याचीच हकिगत इथे सविस्तर लिहितो, कारण ज्या चुका आम्हाला सापडल्या त्याच दुसऱ्या केंद्रांतही होतात, हे तालुक्याच्या मासिक सभेत सहकाऱ्यांशी बोलताना लक्षात आलं.

रजिस्टरचा शेवटचा मासिक क्रमांक होता १४१२. रोगवार टॅलीची बेरीज १४६७. म्हणजे टॅली ५५ ने जास्त.

पहिली सवय मोडायची ती ही, की रजिस्टरचा शेवटचा क्रमांक म्हणजेच रुग्णांची संख्या. क्रमांक हातानेच लिहिलेला असतो आणि पान उलटताना घसरतो. आमच्या रजिस्टरच्या एका पानावर २५ ओळी आहेत. आम्ही दोघांनी बसून प्रत्येक पानावरच्या भरलेल्या ओळी मोजल्या, पानाच्या तळाशी पेन्सिलीने आकडा लिहिला आणि मग त्या आकड्यांची बेरीज केली. ती आली १४०२. शोधल्यावर सापडलं, की १४ तारखेला पानाची शेवटची ओळ ६८९ होती आणि पुढच्या पानाची पहिली ओळ ७००. बाजारचा दिवस होता, खिडकीवर गर्दी होती, नव्वदीचा आकडा संपला असं वाटून हात सरळ सातशेवर गेला. तिथून पुढे महिनाभर प्रत्येक क्रमांक १० ने जास्त. म्हणजे टॅली खरोखर ५५ ने नव्हे, ६५ ने जास्त होती. त्या दिवशी आम्ही फरक 'इतर' मध्ये ढकलला असता, तर चुकीच्या आकड्याशी जुळवून समाधान मानलं असतं.

असा घसरलेला क्रमांक सापडला की पुढचे सगळे क्रमांक खोडून नव्याने लिहू नका. केसपेपरवर तेच क्रमांक गेलेले असतात, मग रजिस्टर आणि केसपेपर यांचा मेळ कायमचा तुटतो. पानावर लाल शाईने 'क्र. ६९० ते ६९९ वापरलेले नाहीत' असं लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांची तारखेसह सही घ्यायची. एकूण बाह्यरुग्ण मात्र ओळींच्या मोजणीतूनच घ्यायचे.

आता ६५ चा शोध. इथे आमची टॅली करण्याची पद्धत सांगितली पाहिजे. मोठ्या आखीव कागदावर डावीकडे तारखा आणि वर आजारांचे रकाने. रजिस्टरची एकेक ओळ वाचायची आणि त्या रकान्यात काडी मारायची, चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. महिना संपला की प्रत्येक आजाराची उभी बेरीज. बहुतेक केंद्रांत असंच चालतं. आम्ही कधीच न केलेली गोष्ट म्हणजे आडवी बेरीज: एका तारखेच्या सगळ्या काड्या एकत्र मोजायच्या आणि त्या दिवशीच्या ओळींच्या संख्येशी ताडून पाहायच्या. महिन्याचा फरक एकच आकडा असतो, त्यातून काही समजत नाही. तोच फरक ३१ दिवसांत फोडला की तो बोलायला लागतो.

कागदावर हे करता येतंच, पण कॉम्प्युटरवर शीट असेल तर आणखी सोपं. तारीख A रकान्यात, त्या दिवशीच्या ओळी B मध्ये, आजार C पासून पुढे N पर्यंत, आणि O मध्ये हे सूत्र खालपर्यंत ओढायचं:

```
=SUM(C2:N2)-B2
```

शून्य आलं तर तो दिवस सोडून द्यायचा. आमच्या शीटमध्ये बहुतेक दिवशी १, २ किंवा ३ असा थोडा थोडा जास्तीचा फरक होता. तीन तारखा मात्र उठून दिसल्या. १२ तारखेला १३ जास्त, १३ तारखेला १५ जास्त, आणि २८ तारखेला उलट, ६ कमी.

रोजच्या एक-दोनच्या फरकाचं कारण त्या दिवसांच्या ओळी वाचल्यावर लगेच कळलं. निदानाच्या रकान्यात दोन आजार होते आणि दोन काड्या पडल्या होत्या. 'ताप, जुलाब'. 'रक्तदाब, सांधेदुखी'. 'खरूज, सर्दी'. महिनाभरात अशा ४७ ओळी निघाल्या.

१२ आणि १३ तारखेच्या अशा जोड-निदानांच्या २ आणि १ काड्या वजा केल्या, तेव्हा उरले ११ आणि १४. दोन्ही मिळून २५. आणि २५ म्हणजे आमच्या रजिस्टरचं एक पान. त्या महिन्यात टॅली दोघांनी वाटून घेतली होती. मी पान ६१ पर्यंत केली आणि सिस्टरनी पान ६१ पासून. 'पर्यंत' आणि 'पासून' या दोन शब्दांत ते पान दोघांकडेही मोजलं गेलं. त्या पानावर वर १२ तारखेच्या ११ ओळी आणि खाली १३ तारखेच्या १४ ओळी होत्या. तेव्हापासून टॅली झालेल्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लहान बरोबरची खूण आणि टॅली करणाऱ्याचं आद्याक्षर असतं. खूण असलेलं पान कोणी पुन्हा मोजत नाही.

फरकाचा आकडा बघून अंदाज बांधायची सवय लावून घ्या. फरक पानाच्या ओळींइतका किंवा त्याच्या पटीत असेल तर पान दोनदा मोजलं गेलं आहे किंवा सुटलं आहे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेले असण्याची दाट शक्यता असते, ६३ च्या जागी ३६ वगैरे, आणि तेव्हा रजिस्टर नव्हे तर बेरजांचा कागद आधी तपासायचा.

२८ तारखेची गोष्ट वेगळी. त्या दिवशी ७ ओळींमध्ये निदान लिहिलेलंच नव्हतं, म्हणून काडीच पडली नव्हती. एका जोड-निदानाची एक जास्तीची काडी होती, म्हणून फरक ७ न दिसता ६ दिसला. त्या दुपारी प्रसूतीची केस आली, आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडम तिकडे गेल्या, औषधं दिली गेली आणि रजिस्टर 'नंतर भरू' म्हणून राहिलं. हे बारकाईने सांगतो आहे कारण कमी आणि जास्त चुका एकमेकींना झाकतात. एखाद्या महिन्यात २५ ओळींचं एक पान सुटलं आणि २५ जोड-निदानांच्या काड्या जास्त पडल्या, तर एकूण बेरीज अगदी तंतोतंत जुळेल आणि अहवाल तरीही चुकलेला असेल.

आता ताळा लावून पाहा. ओळी १४०२, त्यात जोड-निदानाच्या ४७ जास्त, दोनदा मोजलेल्या पानाचे २५ जास्त, निदान नसलेल्या ७ कमी. बेरीज १४६७. टॅलीचा आकडा नेमका एवढाच होता. फरकाचा प्रत्येक आकडा असा कारणासह मांडता आला तरच शोध संपला असं समजायचं. '६५ पैकी ६० सापडले, बाकी सोडून देऊ' असं केलं, तर त्या ५ च्या आड वीस जास्त आणि पंधरा कमी लपलेले असू शकतात.

रिकाम्या निदानाच्या ओळींसाठी आम्ही आधी केसपेपर काढले. ते मिळाले नाहीत तिथे औषध वितरणाची नोंद पाहिली, पण ती फक्त मॅडमना आठवण करून देण्यापुरती. औषधावरून आपण निदान ठरवायचं नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या तापालाही जातात आणि कंबरदुखीलाही. ओआरएस आणि झिंक दिलेल्या तीन मुलांच्या बाबतीत केसपेपरवर जुलाब स्पष्ट लिहिलेले होते, ते तिथून घेतले. दोन ओळींचा काहीच माग लागला नाही. त्यांच्यासाठी 'निदान नोंद नाही' असा वेगळा रकाना केला. हा रकाना 'इतर' मध्ये मिसळू नका. 'इतर' म्हणजे आजार माहीत आहे पण यादीत नाही. 'नोंद नाही' म्हणजे आपलं लिहायचं राहिलं.

जोड-निदानांचा नियम आधी ठरलेला असला पाहिजे आणि तो वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवला पाहिजे, टॅली करणाऱ्याने नाही. आमच्याकडे असं ठरलं: रोगवार तक्त्यात एका ओळीला एकच काडी. दोनपैकी एक आजार साथरोग सर्वेक्षणातला असेल, म्हणजे जुलाब, कावीळ, ताप, तर काडी त्याला. दोन्ही तसेच असतील, 'ताप, जुलाब' सारखे, तर मॅडम त्याच दिवशी मुख्य निदानाखाली रेघ मारतात. दुसरा आजार खाली 'सोबतचे आजार' या पट्टीत जातो आणि ती पट्टी एकूण बेरजेत धरायची नाही. ही पट्टी तरीही ठेवावीच लागते. मधुमेह आणि रक्तदाब असे दोन वेगळे आकडे वर मागितलेले असतात, आणि दोन्ही आजार असलेला माणूस दोन्ही आकड्यांत यायलाच हवा. अशा प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज एकूण ओपीडीशी जुळण्याची अपेक्षाच नसते. जुळवायचा तो फक्त आपला रोगवार तक्ता.

इथपर्यंत फक्त बेरीज सुधारली. आजाराचा आकडा अजून खरा झालेला नव्हता. उदाहरणासाठी जुलाबाचाच रकाना घेतो. पहिल्या टॅलीत तो ११८ होता.

दोनदा मोजलेल्या पानावर जुलाबाच्या ६ ओळी होत्या, त्या गेल्या. राहिले ११२. मग नवे-जुने पाहिलं. रजिस्टरमध्ये 'न' आणि 'जु' असा रकाना आहे, पण टॅली करताना आम्ही तो बघतच नव्हतो. एकूण रुग्णसंख्येत दोन्ही धरायचे हे बरोबर, पण आजाराची नवी प्रकरणं मोजताना तेच मूल तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला आणलं तर ते दुसरं प्रकरण होत नाही. असे १९ निघाले. राहिले ९३.

इथे एक घोटाळा फार होतो. खिडकीवरची ताई 'जुना' लिहिते तेव्हा तिच्या मनात असतं, की या माणसाचा केसपेपर आधी काढलेला आहे. टॅलीला हवं असतं ते वेगळंच: हा आजार आधीचाच चालू आहे का? जूनमध्ये खरजेसाठी आलेला माणूस ऑगस्टमध्ये जुलाब घेऊन आला तर रुग्ण जुना, पण आजार नवा. उलट, दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारी आजी दर वेळी 'जुना आजार' असते, नवा केसपेपर काढला तरीही. म्हणून 'न/जु' ची खूण खिडकीवर न करता तपासणीनंतर निदानाशेजारी करायची, असं आम्ही ठरवलं. मागचे महिने तपासायचे असतील तर नाव, गाव आणि वय या तिन्हींवरून आठवडाभर मागे जाऊन बघावं लागतं. नुसत्या नावावर विसंबू नका. आमच्या एका पाड्यावर एकाच नावाच्या चार बायका आहेत, त्यातल्या दोघींचं आडनावही एकच.

निदान नसलेल्या ओळींतली ती तीन मुलं मिळवली: ९६.

आणि मग 'इतर' चा रकाना उघडला. खरं काम इथे झालं. 'इतर' मध्ये काय काय टाकलं होतं ते ओळ-ओळ वाचलं, तेव्हा २० ते २२ ऑगस्ट या तीन दिवसांत 'जी.ई.' असं लिहिलेल्या १४ नव्या ओळी दिसल्या. आमच्या मॅडम रजेवर होत्या आणि बदली डॉक्टर आले होते. मॅडम 'जुलाब' किंवा 'उलटी-जुलाब' लिहितात, ते 'जी.ई.' लिहीत. टॅली करणाऱ्याच्या यादीत 'जी.ई.' नव्हतं, म्हणून ते 'इतर' मध्ये गेलं. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अहो, जी.ई. म्हणजे गॅस्ट्रो. तेच जुलाब." जुलाबाचा खरा आकडा झाला ११०.

११८ आणि ११० मध्ये फारसा फरक नाही असं वाटेल. पण त्या १४ ओळींचा गावाचा रकाना वाचला, तेव्हा त्यातल्या ९ ओळी एकाच पाड्याच्या होत्या. तीन दिवसांत, एका पाड्यातून, नऊ. आम्हाला हे कळलं ४ सप्टेंबरला. सिस्टर दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेल्या, विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायला ओटी टेस्ट केली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्याच्या नोंदी पाहिल्या, पण तोवर दोन आठवडे उलटले होते आणि आजारी पडलेली माणसं बरी होऊन नागलीच्या निंदणीला लागली होती. ते लोक उपकेंद्रात न जाता थेट केंद्रावर आले होते, त्यामुळे उपकेंद्राच्या नोंदीतही ती वाढ दिसली नव्हती. बदली डॉक्टरांची काहीच चूक नव्हती, त्यांनी निदान बरोबरच लिहिलं होतं. आमच्याकडे शब्दांची यादी नव्हती, एवढंच.

ती यादी आता रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे, मॅडमच्या सहीनिशी. डावीकडे रजिस्टरमध्ये येणारे शब्द, उजवीकडे टॅलीचा रकाना. जुलाब, हगवण, उलटी-जुलाब, जी.ई., एल.एम. हे सगळे अतिसारात; शौचातून रक्त लिहिलं असेल तर मात्र वेगळा रकाना. सर्दी-खोकला, घसा, यू.आर.टी.आय. एकत्र. नुसती 'पोटदुखी' अतिसारात कधीही नाही. 'ताप ?मलेरिया' असं प्रश्नचिन्हासह लिहिलेलं असेल तर काडी तापाला. मलेरियाचा आकडा फक्त रक्तनमुन्याच्या किंवा किटच्या निकालाच्या रजिस्टरमधून घ्यायचा. आणि 'ताप, अंगावर पुरळ' असेल तर महिनाअखेरीची वाट न पाहता त्याच दिवशी मॅडमना सांगायचं, कारण तो गोवर असू शकतो. नवीन किंवा बदली डॉक्टर आले की पहिल्या दिवशी ही यादी त्यांच्यासमोर ठेवतो. त्यांचा एखादा शब्द त्यात नसेल तर तो लिहून घेतो.

'इतर' साठी आमची एक साधी कसोटी आहे. आठवड्याच्या शेवटी 'इतर' मधल्या ओळी पुन्हा वाचायच्या. एकच शब्द पाचपेक्षा जास्त वेळा आला असेल तर त्याला स्वतंत्र रकाना द्यायचा की यादीत कुठे बसवायचा, हे मॅडमना विचारायचं. पाच हा आकडा आम्ही आमच्या ओपीडीच्या मानाने धरला आहे, मोठ्या केंद्राने तो वाढवावा.

आता रोज दुपारी ओपीडी संपली की वीस मिनिटं या कामाला जातात. पानाच्या तळाशी ओळींचा आकडा, टॅली, आडवी बेरीज, फरक शून्य. फरक असेल तर त्याच दिवशी सापडतो, कारण रुग्ण आणि डॉक्टर दोघंही आठवणीत ताजे असतात. २८ तारखेसारख्या रिकाम्या ओळी मॅडम संध्याकाळपर्यंत भरून देतात. महिनाअखेरीला फक्त ३१ ओळींची उभी बेरीज उरते.

एक वेगळी तक्रारही नेहमी ऐकू येते: साप्ताहिक अहवालांची बेरीज मासिक अहवालाशी जुळत नाही. ती जुळणारच नाही, आणि जुळवूही नये. साथरोग सर्वेक्षणाचा आठवडा सोमवार ते रविवार असतो. ऑगस्ट २०२४ ची १ तारीख गुरुवारी आली आणि ३१ शनिवारी. त्या महिन्याला स्पर्श करणारे आठवडे पाच, २९ जुलै ते १ सप्टेंबर, म्हणजे ३५ दिवस. त्यातले चार दिवस ऑगस्टचे नाहीतच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. तारीखवार टॅली ठेवली तर त्याच कागदातून आठवडाही निघतो आणि महिनाही. तसंच, उपकेंद्राच्या सिस्टरनी लक्षणांवरून भरलेला एस फॉर्म आणि डॉक्टरांच्या निदानाचा पी फॉर्म यांचे आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत. उपकेंद्रात ओआरएस घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आलेलं मूल दोन्हींत असतं, आणि नुसत्या ओपीडी रजिस्टरवरून ते ओळखता येत नाही.

ऑगस्टच्या चुकीच्या अहवालाचं आम्ही शेवटी दुरुस्तीपत्र दिलं. जुना आकडा, नवा आकडा आणि प्रत्येक फरकाचं कारण एका पानावर लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवलं, एक प्रत टॅलीच्या कागदांसोबत फाइलला लावली. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्या पाड्याच्या नऊ ओळी तारीख, वय आणि रजिस्टर क्रमांकासह उतरवून ठेवल्या आहेत.